एकूण गुण की गिऱ्हाइकाची स्वतःची लय?

समजा, कोल्हापुरातल्या एका किराणा साखळीला गळतीला लागलेल्या कार्डधारकांना सवलत द्यायची आहे. पहिली पद्धत सरधोपट: शेवटची खरेदी, वारंवारता आणि रक्कम यांना प्रत्येकी १ ते ५ गुण, मग बेरीज. जिची बेरीज कमी, ते कार्ड गळतीचे आणि सवलत त्याला.

राजारामपुरीतल्या ताई पगार झाला की महिन्याचा किराणा भरतात, साधारण ४,५०० रुपयांचा. येऊन २६ दिवस झाले. गुण १, १, ५, बेरीज ७. मंगळवार पेठेतले काका दर तीन दिवसांनी येत, पण १५ दिवस फिरकलेले नाहीत. गुण ३, ५, ३, बेरीज ११. सवलत ताईंना जाते, आणि त्या तर चार दिवसांत येणारच होत्या!

दुसऱ्या पद्धतीत शेवटच्या खरेदीपासूनचे दिवस त्या गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या अंतराने भागायचे. ताई २६/३०, म्हणजे १ च्या आत. काका १५/३, म्हणजे ५. खरी गळती इथे आहे. रक्कम मग फक्त सवलत किती द्यायची हे ठरवायला वापरावी.

मी दुसरीच निवडेन. अंतरासाठी सरासरीऐवजी मध्यक घ्या, नाहीतर दिवाळीची एक सुट्टी आकडा फुगवते. पाचपेक्षा कमी खरेद्या असलेल्या नव्या कार्डाला मात्र लय सापडत नाही. तिथे पहिलीच पद्धत चालवावी लागते.