तळपायातून काढलेली बनावट मुळे

कुरूपाची मुळे ओढून काढून देतो असे सांगणाऱ्या एका माणसाने माझी फसवणूक केली. ती कशी केली हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण ही युक्ती जुनी आहे, सराईत हाताने केली तर डोळ्यांदेखत खरी वाटते आणि पैशांबरोबर पायाचेही नुकसान करते.

माझ्या उजव्या पायाच्या चवड्याखाली वाटाण्याएवढा, पिवळसर आणि टणक असा जाड भाग तयार झाला होता. अनवाणी चालताना तेथे खडा रुतल्यासारखे दुखत असे, आणि दुखरी जागा टाळण्यासाठी मी पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन चालू लागल्यामुळे घोटाही भरून येत असे. घरातल्या सगळ्यांनी त्याला कुरूप ठरवून टाकले. ओळखीच्या एका बाईंनी त्यांच्या वडिलांचे कुरूप ‘मुळासकट’ काढणाऱ्या माणसाचे नाव सुचवले आणि तो घरी आला.

त्याने पायाकडे क्षणभरच पाहिले आणि म्हणाला, “ताई, कुरूपच आहे, पण मुळे खोल गेली आहेत. ती निघाली नाहीत तर पाय टेकवता येणार नाही.” पाहण्याचे पैसे नव्हते, जेवढी मुळे निघतील तेवढ्यांचे, दर मुळामागे ठरलेले पैसे द्यायचे होते. मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, यांपैकी काहीही त्याने विचारले नाही. त्याने पाय कोमट पाण्यात भिजवला, कसले तरी उग्र वासाचे पाणी चोळले आणि पात्याने वरचा जाड थर सपासप तासून काढला. पाते त्याच्या पिशवीतूनच निघाले होते आणि ते नवे होते की आधी कोणाच्या पायावर वापरलेले, हे कळायला मार्ग नव्हता. मग त्याने एक अरुंद नळी त्या जागेवर दाबून धरली, दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढले, नळी उचलून कापसावर झटकली, आणि कापसावर पांढरट, ओलसर, बोटाच्या पेराएवढा लांब दोरा पडला. “हे पहिले मूळ,” तो म्हणाला. प्रत्येक वेळी तो त्याच पिशवीतल्या कापसाने जागा पुसत असे, पुन्हा नळी लावत असे आणि पुन्हा एक दोरा पडत असे. दहाबारा मुळे निघाल्यावर तो थांबला. पैसे मोजून घेताना “आता हे परत येणार नाही” अशी हमी द्यायलाही तो विसरला नाही.

यातील लबाडी ओळखण्यासाठी हातचलाखीचे ज्ञान लागत नाही, त्वचेची जाडी माहीत असली की पुरते. शरीरात सर्वांत जाड बाह्यत्वचा तळहात आणि तळपायांना असते, आणि तीही साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास असते. दाबाने जाड झालेल्या जागी त्यात आणखी काही मिलिमीटरची भर पडते, एवढेच. कुरूप असो वा चामखीळ, दोन्ही या बाह्यत्वचेतच वाढतात. मग पेराएवढे लांब दहाबारा दोरे वाटाण्याएवढ्या जागेत मावणार कोठे? शिवाय ते खरोखरच खोलवरून उपटून आले असते तर कळ मस्तकात गेली असती आणि रक्त थांबवावे लागले असते. माझ्या पायाला मात्र फक्त पाते लागल्याची चुरचुर होत होती. मी एका कागदात जपून ठेवलेले दोरे नंतर त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगाखाली पाहिले, तेव्हा ते सगळे सारख्याच जाडीचे होते आणि दोन्ही टोकांना सरळ कापलेले होते. ते नळीच्या तोंडाशी किंवा कापसात आधीच दडवलेले असतात.

या धंद्याला गिऱ्हाईक मिळत राहते याचे कारण मला नंतर उमगले. त्या माणसाने जाड थर तासल्यामुळे पुढचे काही दिवस माझा पाय खरोखरच हलका झाला होता. तळपायावरच्या अशा जागेचे दुखणे बहुतांशी तो टणक थर आतल्या नाजूक भागावर दाबला गेल्यामुळे असते, आणि थर कमी झाला की दाबही कमी होतो. हे काम पायाची निगा जाणणारा कोणीही निर्जंतुक पात्याने करू शकतो. आराम तासण्याने पडतो आणि श्रेय मुळांना मिळते. पाय हलका असतानाच माणसे त्याचे नाव पुढे चार जणांना सांगतात आणि दुखणे परतते तेव्हा तो सापडत नाही.

माझे दुखणे परतले, आणि काही आठवड्यांनी मूळ जागेभोवती बारीक टणक ठिपकेही उठले. तेव्हा मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहत वरचा थर अगदी हलकेच, पातळ पातळ खरवडला आणि जे दिसत होते ते मलाही दाखवले. बोटांच्या ठशांवर असतात तशा बारीक रेषा तळपायावरही असतात. त्या रेषा माझ्या जाड जागेच्या कडेला येऊन थांबत होत्या आणि तिला वळसा घालून पलीकडे जात होत्या. आणखी थोडे खरवडल्यावर आत काळपट तपकिरी टिंबे दिसली आणि त्यांतील काहींतून टाचणीच्या टोकाएवढे रक्त आले. ती टिंबे म्हणजे चामखिळीच्या आत वर आलेल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गोठलेले रक्त. लोक त्यांना बी समजतात आणि मुळे काढणारे त्यांच्याकडेच बोट दाखवून ‘ही बघा मुळांची तोंडे’ म्हणतात. शेवटी डॉक्टरांनी ती जागा आधी सरळ आत दाबली आणि मग दोन बोटांच्या चिमटीत दोन्ही बाजूंनी दाबली. सरळ दाबण्यापेक्षा चिमटीने जास्त कळ आली. ही तळपायाची चामखीळ होती, कुरूप नव्हतेच.

कुरूप असते तर काय दिसले असते, हेही त्यांनी समजावून सांगितले. कुरूप एखाद्या हाडाच्या उंचवट्यावर, जेथे थोड्याच जागेवर पुन्हा पुन्हा दाब येतो तेथे होते. खरवडल्यावर त्याच्या मध्यभागी काचेसारखा अर्धपारदर्शक, टोक आत असलेला टणक गाभा दिसतो, टिंबे दिसत नाहीत आणि सहसा रक्तही येत नाही. सरळ दाबले की मात्र माणूस पाय झटकन मागे घेतो. हा गाभा म्हणजे मृत त्वचेचाच घट्ट झालेला शंकू असतो, त्याला मूळ म्हणावे असे काही नसते, आणि तो काढला तरी दाबाचे कारण तसेच राहिले तर पुन्हा तयार होतो. घट्टा याहून वेगळा असतो. तो पसरट असतो, त्याची कड कोठे संपते ते नेमके सांगता येत नाही, त्वचेच्या रेषा त्याच्यावरून अखंड जातात, आणि तो फार जाड झाला किंवा त्याला भेग पडली तरच दुखतो. अडचण अशी, की चामखीळ भार पडणाऱ्या जागी असली तर तिच्यावरही घट्टा चढतो, त्यामुळे नुसते वरून पाहून तिघांतले काय आहे हे पुष्कळदा कळत नाही. खरवडल्याशिवाय ‘कुरूपच आहे’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाबद्दल खरे तर येथेच शंका घ्यायला हवी.

या फरकावरच सगळे नुकसान अवलंबून आहे. कुरूप आणि घट्टा संसर्गजन्य नसतात, परंतु चामखीळ मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होते आणि हा विषाणू त्वचेच्या लहानशा जखमेतून शिरतो. त्या माणसाने एकच पाते माझ्या चामखिळीवरून आणि भोवतालच्या निरोगी त्वचेवरून फिरवले होते. नंतर उठलेले ठिपके बहुधा त्यातूनच आले, असे डॉक्टरांचे मत पडले. तेच पाते आधी दुसऱ्या कोणाच्या रक्ताला लागलेले असेल तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचाही धोका असतो, आणि त्यासाठी मला रक्ताच्या तपासण्या कराव्या लागल्या. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला तर पाते किती खोल गेले हेच कळत नाही, आणि अशी जखम चिघळून पाय गमावण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ज्या बाईंनी मला हा माणूस सुचवला, त्यांच्या वडिलांना मधुमेह आहे हे मला पुढे समजले, तेव्हा मी त्यांना आधी फोन केला.

माझ्यावरचे खरे उपचार अगदी कंटाळवाणे आहेत, आणि ‘एका बैठकीत मुळासकट’ या आश्वासनाचे आकर्षण त्यातूनच निर्माण होत असावे. रोज रात्री पाय पाच मिनिटे कोमट पाण्यात भिजवायचा, पांढरी पडलेली मऊ त्वचा फक्त त्याच जागेसाठी ठेवलेल्या कानशीने घासायची, भोवतालच्या त्वचेला व्हॅसलीन लावायचे, आणि मग सॅलिसिलिक आम्लाचे औषध नेमके चामखिळीवर लावून वाळू द्यायचे. जागा हुळहुळी किंवा लाल झाली तर काही दिवस थांबायचे. हे साधारण 12 आठवडे चालवावे लागते, आणि तेवढ्याने भागले नाही तर द्रव नायट्रोजनने जागा गोठवण्याचा उपचार दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने करतात. डॉक्टरांनी बरे होण्याची हमी दिली नाही. लहान मुलांच्या चामखिळी अनेकदा काहीही न करता एकदोन वर्षांत आपोआप जातात आणि मोठ्यांच्या चिवटपणे टिकून राहतात, एवढेच त्यांनी सांगितले. मधुमेह असलेल्यांनी किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी हे आम्ल, आणि दुकानात मिळणाऱ्या कुरूपाच्या औषधी पट्ट्यासुद्धा, स्वतःच्या मनाने लावू नयेत, कारण त्यांतही बहुधा हेच आम्ल असते आणि ते निरोगी त्वचाही जाळते.

कुरूप किंवा घट्टा निघाला असता तर हे कशालाच लागले नसते. थर वेळोवेळी तासून घेणे, पुढून रुंद आणि मऊ तळाची पादत्राणे वापरणे, आणि हाडाच्या उंचवट्याच्या किंचित मागे लावलेल्या गादीने भार वाटून देणे, यावर तेथे भर असतो. मात्र उपचारांना दाद न देणारी, आपोआप रक्त येणारी, चिघळणारी किंवा काळा रंग पसरत चाललेली जागा या तिन्हींपैकी काहीच नसण्याचीही शक्यता असते. क्वचित तो त्वचेचा कर्करोग असतो, आणि मग तिचा लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो.

औषध केव्हा थांबवायचे याची खूण डॉक्टरांनी भिंगातून दाखवून ठेवली आहे. दुखणे थांबणे ही खूण नव्हे, कारण ते नुसत्या घासण्यानेही थांबते. काळी टिंबे पूर्ण गेलेली असावीत आणि त्वचेच्या रेषा त्या जागेवरून न तुटता सरळ पलीकडे गेलेल्या दिसाव्यात. माझ्या भोवतीच्या लहान ठिपक्यांवर तशा रेषा आता दिसू लागल्या आहेत, मधल्या मोठ्या जागेवर मात्र अजून टिंबे आहेत आणि तेथले औषध चालू आहे.