दिवाळीच्या शिलाईची शेवटची तारीख, आणि माझ्या नावाने फिरलेली खोटी चिठ्ठी

सर्व जुन्या ताई-काकूंना नमस्कार.

दिवाळीचे ब्लाउज आणि ड्रेस यंदा घटस्थापनेच्या संध्याकाळी सातपर्यंत घेईन. त्यानंतर वही बंद. ट्रायल कोजागिरीनंतर आणि कपडे वसुबारसेच्या आधी हातात. कोजागिरी ते वसुबारस मध्ये जेमतेम बारा दिवस मिळतात. त्यात काजं, हूक, हातशिलाई आणि ट्रायलनंतरची उसवाउसव हे सगळं बसवायचं असतं. शिवाय माझा कारागीर छठसाठी गावी जातो, त्याचं तिकीट आधीच काढलेलं असतं. म्हणून तारीख वाढत नाही, कुणासाठीच.

ही तारीख न वाढण्याची गोष्ट मुद्दाम लिहिते आहे, कारण गेल्या वर्षी ती ‘वाढली’ असं सांगूनच कुणीतरी माझ्या ग्राहकांना फसवलं.

अशीच चिठ्ठी मी तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. ती सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरली, याचा मला आनंदच झाला. वही बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांत तीच चिठ्ठी पुन्हा फिरली. वरचा मजकूर माझाच, दुकानाच्या पाटीचा फोटोही माझाच, फक्त शेवट बदललेला: ‘खास जुन्या ग्राहकांसाठी मोजक्या जागा शिल्लक. दर ब्लाउजला ५०० रुपये आगाऊ भरून जागा राखा.’ खाली वेगळा मोबाइल नंबर आणि क्यूआर कोड. वेळ अचूक साधली होती. ज्यांची तारीख हुकली, त्याच बायका तेव्हा हवालदिल झालेल्या असतात.

कोथरूडच्या एका काकूंनी तीन ब्लाउजचे १,५०० रुपये भरले. पाठोपाठ त्या नंबरवरून फोन आला, बाईचाच आवाज: “काकू, जागा भरल्या हो, तुमचे पैसे परत करते. कोड पाठवलाय, तो स्कॅन करा आणि पिन टाका.” काकूंनी पिन टाकला आणि खात्यातून आणखी ४,९०० रुपये गेले. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना काहीच टाकावं लागत नाही. पण समोरची बाई आपल्या शिंपीणबाईंची माणूस आहे असं एकदा वाटलं की हे कोण आठवणार?

गंमत बघा, काकूंना अजून वाटत होतं की पहिले पैसे तरी माझ्याकडेच पोचलेत. त्या तडक कापडाची पिशवी घेऊन दुकानात आल्या. मी त्यांना मोबाइलवरचा व्यवहार उघडायला लावला. पैसे घेणाऱ्याचं नाव एका अनोळखी पुरुषाचं होतं. हे नाव पैसे पाठवण्याआधीही दिसतं. दुकानातूनच आम्ही १९३० वर फोन लावला आणि व्यवहाराचे क्रमांक सांगितले. मग cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवून बँकेलाही कळवलं. त्या ४,९०० रुपयांची रक्कम पुढच्या खात्यात अजून पडून होती, ती गोठवली गेली. १,५०० मात्र आधीच काढून घेतलेले. गोठवलेले पैसेही लगेच मिळाले नाहीत, कागदपत्रांमागे बरेच दिवस गेले. आणखी दोघीजणींनी संकोचापायी तक्रारच केली नाही. त्यांचे गेले ते गेलेच.

आता खरी चिठ्ठी कशी ओळखायची ते सांगते, आणि ते मोबाइलपेक्षा शिलाईतूनच सांगते. कापड पाहिल्याशिवाय मी पैसे मागूच शकत नाही. पैठणीचा ब्लाउजपीस ८० सेंटीमीटर असला आणि तुम्हाला कोपरापर्यंत बाही हवी असली, तर दोन्ही बाह्यांना काठ पुरेल का, हे कापड टेबलावर पसरल्यावरच कळतं. पुरत नसेल तर जोड द्यावा लागतो. अस्तर, पॅड, मागचा गळा, नाडी, लटकन हे ठरल्याशिवाय शिलाईचा आकडा निघत नाही. मग ‘दर ब्लाउजला सरसकट ५०० आगाऊ’ कोण मागेल? ज्याला शिवायचंच नाही, तो. माप नाही, कापड नाही आणि आधी पैसे, असा निरोप माझ्या नावाने आला तर तो माझा नाही, मग पाटीचा फोटो कितीही खरा असो.

आगाऊ रक्कम मी घेते, पण काउंटरवर, कापड ताब्यात घेतल्यावर, आणि पावती देऊन. पावतीवर तुमच्या कापडाचा छोटा तुकडा टाचलेला असतो, दुसरा तुकडा माझ्या वहीत. कोड स्कॅन केलात तर माझंच नाव दिसेल. ते नाव पाटीवर आता मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय. शंका आली तर जुन्या पावतीवरच्या नंबरवर फोन करा, निरोपात आलेल्या नंबरवर नको.

येताना नीट बसणारा जुना ब्लाउज मापाला आणा. सुती अस्तर तुम्हीच घेणार असाल तर रात्रभर भिजवून, वाळवून आणा. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं, आणि मग तुम्ही मला बोल लावता.