स्टॅम्प ड्युटीचे २२५ रुपये वाचवले आणि डिपॉझिटचे ३,००,००० गेले

जुळे सोलापुरात गाळा भाड्याने घेणाऱ्यांनी हे वाचाच. मी ब्लाऊज शिवण्याचं दुकान चालवते. मे २०२२ मध्ये तीन वर्षांच्या करारावर गाळा घेतला. डिपॉझिट ठरलं ३,५०,०००. त्यातले ५०,००० चेकने दिले आणि ३,००,००० रोख. यंदा गाळा सोडला तेव्हा मालकांनी ५०,००० चा चेक हातावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, करारात बघा की, किती लिहिलंय."

करारात ५०,००० च लिहिलेत.

राग येतो तो त्या एका क्षणाचा. ऑनलाइन करार करणारा एजंट लॅपटॉप घेऊन गाळ्यातच आला होता. अंगठा ठेवायच्या आधी त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. अनामत रक्कम या रकान्यात ५०,००० दिसत होते. मी विचारलंही, "काका, बाकीचे?" मालकांच्या आधी एजंटच बोलला, "सगळं दाखवलं तर स्टॅम्प ड्युटी वाढते, ताई." मालक म्हणाले, "आणि मला टॅक्स पडतो. आपल्यात काय कागद लागतात वो?" शेजारचे दोन गाळेही असेच दिले गेले होते. उद्घाटनाची पत्रिका छापून झाली होती, दोन मशिनी टेम्पोत होत्या. अशा वेळी कोण भांडत बसतं? मी अंगठा ठेवला.

ती वाढणारी स्टॅम्प ड्युटी किती, ते आता हिशेब करून सांगते. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात आणि त्या व्याजावर पाव टक्का ड्युटी लागते. ३,००,००० चं तीन वर्षांचं व्याज ९०,००० आणि त्याचा पाव टक्का २२५ रुपये. एका ब्लाऊजची शिलाई!

रोख रक्कमही त्यांनी दोन वेगळ्या दिवशी दीड-दीड लाख करून घेतली. "दोन लाखांच्या आत असलं की चालतं," म्हणाले. हे साफ खोटं. एकाच व्यवहाराची रोख रक्कम दिवस बदलून घेतली तरी एकत्रच धरली जाते. शिवाय माझ्या सीएने दाखवलं की परत करायच्या डिपॉझिटला मर्यादा दोन लाखांची नाहीच, २०,००० ची आहे. मी पैसे दिले तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २६९ एसएसप्रमाणे २०,००० किंवा त्याहून जास्त डिपॉझिट अकाउंट पेयी चेक, ड्राफ्ट किंवा बँक ट्रान्सफरनेच घ्यावं लागतं. आधीची बाकी त्यात मिळवतात, त्यामुळे १९-१९ हजारांचे हप्ते पाडूनही सुटका नाही. घर-जागेच्या इसाराचे पैसेही १ जून २०१५ पासून याच नियमात आहेत. इसार पावतीवर रोख लाखो रुपये घेणारे आपल्या गावात कमी आहेत का?

पोलिस ठाण्यात गेले तर साहेब म्हणाले, "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." वर दम दिला, "रोख दिलंत म्हणजे तुम्हीच अडकाल." हेही चूक! या कलमाचा दंड घेणाऱ्याला होतो, आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. लुटली गेले मी आणि धाकही मलाच? तक्रार अर्जावर पोच मागितली तर "नंतर या" म्हणाले. १९३० ला फोन केला, तर ती ऑनलाइन फसवणुकीची लाइन निघाली. आयकर कार्यालयात अर्ज ठेवून घेतला आणि स्पष्ट सांगितलं, दंड झाला तरी तो सरकारजमा होईल, तुमचे पैसे तुम्हाला त्यातून मिळणार नाहीत. मग बाईमाणसाने जायचं कुणाकडे? वकील म्हणतात, नोंदवलेल्या कराराविरुद्ध तोंडी पुरावा टिकवणं अवघड आहे. एफडी मोडून काढलेल्या दीड लाखाची पासबुकात नोंद आहे, पण तिच्यावरून एवढंच कळतं की मी पैसे काढले. मालकांना दिले हे कुठं दिसतं? दुसरे दीड लाख भिशीचे, त्यांचा तर कागदच नाही.

म्हणून सांगते, पूर्ण डिपॉझिट बँकेतून द्या. खातं मालकाच्याच नावाचं हवं, मुलाचं किंवा एजंटचं नको. प्रॉपर्टी कार्डावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळवून बघा. ट्रान्सफर करताना शेऱ्यात 'गाळा अनामत' लिहा आणि तो यूटीआर नंबर करारात घालायला लावा. स्क्रीनवरचा आकडा कमी असेल तर अंगठा ठेवू नका, मशिनी टेम्पोत असल्या तरी. गाळा सोडताना डिपॉझिट खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. मी आदल्या दिवशीच देऊन बसले, कारण काका घरचेच वाटायचे.

त्या गाळ्यावर आता पुन्हा 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागली आहे. तिथे कुणी गेलंत आणि थोडे चेकने, बाकी रोख अशी भाषा ऐकू आली, तर स्टॅम्प ड्युटीचे जास्तीचे पैसे स्वतः भरायची तयारी दाखवा आणि पूर्ण रक्कम करारात लिहून मागा. नाही म्हणाले तर गाळा सोडून द्या.