‘सक्रिय ग्राहक’ म्हणजे नेमके कोण? मेट्रिकची व्याख्या शीटमध्ये, कोडमध्ये की कॅटलॉगमध्ये

समजा, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक रिपोर्ट आपोआप निघतो आणि सगळ्यांच्या मेलमध्ये पडतो. फेब्रुवारीच्या रिपोर्टमध्ये ‘सक्रिय ग्राहक’ या ओळीपुढे १०,४०० असे आहे. प्रॉडक्ट टीमच्या डॅशबोर्डवर त्याच महिन्याचे सक्रिय ग्राहक १२,१५० दिसतात. मीटिंगचा पहिला अर्धा तास खरा आकडा कोणता यावरच जातो. प्रत्येक आकड्याची व्याख्या लिहून ठेवणारी डेटा डिक्शनरी करायला हवी हे मग सगळ्यांनाच पटते. पुढे घोडे अडते ते ती कुठे ठेवायची यावर: शेअर केलेल्या शीटमध्ये, रिपोर्टच्या कोडशेजारी, की यासाठीच केलेल्या कॅटलॉग टूलमध्ये.

जागा निवडण्याआधी हा १,७५० चा फरक एकदा उकलून पाहू, कारण डिक्शनरीत काय लिहायचे हे त्यातूनच कळते. प्रॉडक्ट टीमच्या क्वेरीपासून सुरुवात करायची आणि एका वेळी एकच अट बदलत रिपोर्टच्या क्वेरीपर्यंत यायचे. ज्यांच्या सगळ्या ऑर्डर रद्द झाल्या त्यांना वगळले की ६४० कमी होतात, उरतात ११,५१०. कंपनीची स्वतःची चाचणी खाती वगळली की आणखी ८५ जातात, उरतात ११,४२५. प्रॉडक्ट टीम लॉगिन मोजते, रिपोर्ट बिलिंग खाते मोजतो. एकाच खात्याखालची अनेक लॉगिन एकत्र केली की ९२५ कमी होऊन १०,५०० राहतात. डॅशबोर्ड मागचे ३० दिवस धरतो, रिपोर्ट कॅलेंडरचा महिना, म्हणजे फेब्रुवारीचे २८ दिवस. त्या दोन दिवसांचे १०० गेले की १०,४००. हिशेब जुळला.

यात एक मेख आहे. पायऱ्यांचा क्रम बदलला तर प्रत्येक पायरीचा वाटा बदलतो, कारण रद्द ऑर्डरवाले काही जण चाचणी खातेही असतात. एकूण फरक तेवढाच राहतो. त्यामुळे ‘रद्द ऑर्डरमुळे नेमके किती?’ यावर पुन्हा वाद घालण्यात अर्थ नाही.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, नाव मात्र एकच आहे. इथे डिक्शनरीचे पहिले काम म्हणजे दोघांना वेगळी नावे देणे: ‘सक्रिय खाती (कॅलेंडर महिना)’ आणि ‘सक्रिय लॉगिन (मागचे ३० दिवस)’. एका टीमला तिचा आकडा सोडायला लावण्यापेक्षा हे खूप सोपे जाते.

नोंदीत काय हवे तेही या हिशेबातच दिसते: मोजायचे एकक, कालावधी आणि तो कोणत्या टाइम झोनमध्ये सुरू होतो आणि संपतो, काय वगळले, आकडा कधी गोठतो, आणि व्याख्या बदलण्याचा अधिकार कोणाचा. ‘कधी गोठतो’ हा रकाना बहुतेक डिक्शनऱ्यांत नसतो, आणि तिथेच घोळ होतो. एखाद्या खात्याची २७ फेब्रुवारीची एकमेव ऑर्डर ५ मार्चला रद्द झाली, तर १ मार्चच्या मेलमध्ये ते खाते सक्रिय होते आणि आज क्वेरी चालवली तर नाही. मेलमधला आकडा आणि आजचा आकडा जुळत नाही म्हणून कोणीतरी रिपोर्टच चुकीचा ठरवतो. ‘महिना संपल्यावर सातव्या दिवशी आकडा अंतिम, तोवर तात्पुरता’ एवढी एक ओळ असती तर हे टळले असते. आणखी एक ओळ लिहावी: हा आकडा बेरजेचा नाही. तीन महिन्यांची सक्रिय खाती मिळवली की तिमाहीची सक्रिय खाती होत नाहीत. तिन्ही महिन्यांत आलेले खाते तीनदा मोजले जाते.

आता जागा. तिन्ही पर्यायांना मी एकच कसोटी लावतो. समजा उद्या ठरले की रद्द ऑर्डरप्रमाणेच पूर्ण परतावा दिलेल्या ऑर्डरही वगळायच्या. विश्लेषक क्वेरीत एक अट वाढवतो. व्याख्येचे काय होते?

शीट. व्याख्येचे काहीच होत नाही. विश्लेषकाला आठवले तर तो शीट उघडून ओळ बदलतो. कामाच्या गडबडीत आठवत नाही, आणि नेमके तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण जुनी व्याख्या वाचायला अगदी व्यवस्थित वाटते. जुनी झालेली व्याख्या नसलेल्या व्याख्येपेक्षा वाईट, कारण तिच्यावर लोक विश्वास ठेवतात.

तरीही शीटला मी कमी लेखत नाही. व्याख्या ठरवण्याच्या टप्प्यात शीटसारखे दुसरे काही नाही. विक्री, फायनान्स, ग्राहक सेवा, सगळ्यांना ती उघडता येते, कॉमेंट टाकता येते, आणि ‘परताव्याचे काय?’ हा प्रश्न बहुधा तिथेच पहिल्यांदा निघतो. कोडच्या रेपॉझिटरीत फायनान्सवाले येऊन कॉमेंट करतील ही आशा सोडलेली बरी. रिपोर्टमध्ये पंधरा-वीस मेट्रिक असतील आणि क्वेरी एकच माणूस सांभाळत असेल तर शीट पुरते. मात्र प्रत्येक ओळीत ती व्याख्या कोणत्या फाइलमधून येते ते लिहावे आणि ‘शेवटचे पडताळले’ ही तारीख ठेवावी. मग शीट मागे पडले का हे विचारत बसावे लागत नाही. फाइल शेवटची कधी बदलली ते गिट सांगतो:

```
git log -1 --format=%cs -- models/customer_month.sql
```

ही तारीख शीटमधल्या तारखेनंतरची असेल तर ती ओळ संशयित धरायची. बदल कदाचित नुसत्या मांडणीचा असेल, पण पाहावे लागते.

कोडशेजारी. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात, म्हणून थोडे थांबतो. पहिली म्हणजे क्वेरींतून टेबले बनवणाऱ्या डीबीटीसारख्या टूलमध्ये मॉडेलच्या शेजारच्या वायएएमएल फाइलमध्ये वर्णन लिहिणे:

```yaml
models:
  - name: customer_month
    columns:
      - name: active_accounts
        description: >
          कॅलेंडर महिन्यात किमान एक न रद्द झालेली
          ऑर्डर असलेली बिलिंग खाती. चाचणी खाती वगळून.
          सातव्या दिवशी अंतिम. महिन्यांची बेरीज करू नये.
```

परताव्याची अट वाढवली तेव्हा ही फाइल त्याच फोल्डरमध्ये आहे, त्यामुळे रिव्ह्यू करणारा विचारू शकतो की वर्णन का बदलले नाही. फायदा एवढाच, पण तो खरा आहे: कोणी, कधी आणि का बदलले याचा इतिहास आपोआप राहतो. वर्णन बदलले नाही म्हणून काहीही अडत मात्र नाही. क्वेरी चालते, टेस्ट पास होतात, रिपोर्ट निघतो. मशीनच्या लेखी `description` म्हणजे नुसता मजकूर. कोडमध्ये ठेवले म्हणजे व्याख्या आणि गणित कायमचे जुळले असे समजणाऱ्या टीम सहा महिन्यांनी पुन्हा त्याच मीटिंगमध्ये बसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सिमँटिक लेअर. यात मेट्रिकचे एकक, गाळणी आणि कालावधी तुम्ही एकदा जाहीर करता आणि क्वेरी त्यातूनच तयार होते. डीबीटीचा मेट्रिकफ्लो किंवा लुकरचे लुकएमएल या जातीचे. परताव्याची अट बदलायची तर व्याख्याच बदलावी लागते, दुसरा मार्गच नाही. मराठीतल्या वर्णनाची ओळ अजूनही मागे राहू शकते, पण गाळणी स्वतःच वाचण्याजोगी असते, त्यामुळे शंका आली तर मूळ जागा एकच.

किंमत अशी की जुन्या क्वेरी नव्याने लिहाव्या लागतात, आणि जो कोणी लेअर टाळून थेट टेबलवर क्वेरी चालवतो किंवा आकडे एक्सपोर्ट करून स्वतःच्या शीटमध्ये नवी गाळणी लावतो, त्याच्यावर तुमचा ताबा राहत नाही. आपला १२,१५० चा आकडा प्रॉडक्ट टीमच्या वेगळ्या डॅशबोर्डमधून आला होता. तो डॅशबोर्ड लेअरला जोडलेला नसेल तर वाद तसाच राहील. म्हणून आधी पाहा की वादातले आकडे किती जागांहून निघतात. सगळे एकाच वेअरहाउसमधून आणि एकाच बीआय टूलमधून येत असतील तर सिमँटिक लेअरवर कष्ट घ्यावेत. निम्मे आकडे वेगवेगळ्या खरेदी केलेल्या टूलच्या आतले असतील तर नकोत.

कॅटलॉग टूल. डेटाहब, ओपनमेटाडेटा, अमुंडसेन ही मुक्त स्रोत नावे. विकतचीही बरीच आहेत. शोध, मालकाचे नाव, कोणता रिपोर्ट कोणत्या टेबलवर उभा आहे याचा नकाशा, हे सगळे त्यात चांगले मिळते. परताव्याची अट बदलण्याआधी ‘हा कॉलम आणखी कुठे वापरला जातो’ हे विचारण्यासाठी कॅटलॉगच सर्वांत उपयोगी. पण व्याख्येपुरते पाहिले तर ती बहुधा तिसरी प्रत ठरते. कॅटलॉग डीबीटीमधले वर्णन ओढून घेऊ शकतो, आणि त्याच पानावर माणसांनाही वर्णन संपादित करता येते. दोन्ही चालू ठेवले की एकाच मेट्रिकची दोन वर्णने होतात, नाहीतर पुढच्या सिंकमध्ये कोणाचे तरी लिहिलेले पुसले जाते. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला विचारायचा प्रश्न हाच: दोन्हीकडून बदल झाला तर कोणाचे राहते? उत्तर गुळमुळीत आले तर कॅटलॉगमधले वर्णन फक्त वाचण्यासाठी ठेवायचे. टेबले शेकड्यांनी आणि टीम अनेक असल्याशिवाय निव्वळ मेट्रिकच्या व्याख्यांसाठी कॅटलॉग चालवायला घेऊ नये. त्याला सांभाळणारा माणूस लागतो.

माझा कल बहुतेक मध्यम आकाराच्या टीमसाठी असा: चर्चा शीटमध्ये, ठरलेली व्याख्या कोडशेजारी, आणि शीटमध्ये ‘ठरले’ असा शिक्का पडलेली ओळ तिथून पुढे फक्त दुवा म्हणून. वाचणाऱ्याला मात्र यातले काहीच उघडावे लागू नये. रिपोर्ट आपोआप तयार होतोच, तर तोच प्रोग्राम वायएएमएलमधले वर्णन उचलून आकड्याखाली बारीक अक्षरात छापू शकतो: ‘बिलिंग खाती, कॅलेंडर महिना, रद्द ऑर्डर वगळून, ७ तारखेला अंतिम’. पॉवर बीआयमध्ये मेजरला वर्णन दिले तर रिपोर्ट बनवणाऱ्याला डेटा पेनमध्ये माउस नेल्यावर ते दिसते, पण मेलमधल्या पीडीएफवर माउस कोण नेणार? तिथे छापलेली ओळच कामाची.

व्याख्या बदलल्यावर जुन्या महिन्यांचे काय करायचे हे जागा कोणतीही निवडली तरी ठरवावे लागते. परतावे वगळल्यावर मार्चचा आकडा घसरला आणि फेब्रुवारीचा जुन्याच नियमाने राहिला, तर आलेखातली ती घसरण खोटी असते. शक्य असेल तर मागचे किमान १२ महिने नव्या नियमाने पुन्हा मोजावेत आणि बदलाची तारीख आलेखावर आखावी. मागचा डेटा पुन्हा मोजण्याजोगा नसेल, उदाहरणार्थ परताव्याची नोंद पूर्वी होतच नसेल, तर जुन्या नावाखाली नवा आकडा घालू नये. नवे नाव द्यावे, दोन्ही ओळी तीन महिने शेजारी छापाव्यात, मग जुनी बंद करावी.