तीन आकडे मीच लिहून दिले होते

पैसे गेले त्या रात्री कार्ड घरात, कपाटातल्या पाकिटात होतं. पहाटे अडीचच्या सुमाराला एक मेसेज आला होता, अगदी किरकोळ रकमेचा. त्यानंतर वीस मिनिटांत तीन मोठ्या खरेद्या झाल्या. सकाळी चहा घेताना मी ते चारही मेसेज एकदमच वाचले. पहिली किरकोळ रक्कम ही चाचणी असते, कार्ड चालू आहे का ते बघायला, हे मला नंतर कळलं. तिन्ही साइट अशा होत्या की ओटीपी मागतच नाहीत.

कार्ड ब्लॉक केलं आणि तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी बँकेतल्या बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "सर, चारही व्यवहारांत कार्डाच्या मागचा तीन आकडी सीव्हीव्ही कोड बरोबर जुळलाय. कुणाला सांगितला होतात का?" मी जवळजवळ चिडूनच नाही म्हणालो. असले फोन मी कधी उचलतही नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "आठवून बघा. कार्ड हातात नसताना कोड जुळला, म्हणजे तो कुठेतरी लिहिलेला होता."

हे कार्ड मी फक्त प्रवासासाठी ठेवलं होतं, त्यामुळे यादी छोटी होती. एक तिकिटांची साइट होती. ती कार्ड लक्षात ठेवते, पण कोड दर वेळी नव्याने विचारते. दुसरं एक हॉटेल होतं. चार महिन्यांपूर्वी तिथे खोली आरक्षित करताना त्यांनी ईमेलवर एक फॉर्म पाठवला होता. नाव, कार्ड नंबर, मुदत, तीन आकड्यांचा कोड, सही, आणि खाली बारीक अक्षरात 'कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो जोडावा'. मी सगळं भरून पाठवलं. मुक्कामाला पोचलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने एक जाड फाइल उघडली आणि त्यात माझा फॉर्म, छापलेल्या फोटोसकट, पंचिंग करून लावलेला होता. माझ्या आधी कुणाचा तरी, माझ्यानंतर कुणाचा तरी. तेव्हा मला वाटलं होतं, काय व्यवस्थित लोक आहेत!

त्या फाइलमधूनच आकडे गेले की त्यांच्या मेलबॉक्समधून, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण दुसरी जागाच नव्हती.

मग मी या कोडाच्या मागे लागलो. कार्डाच्या पाठीमागे तो उघड छापतात, मग त्यात गुप्त ते काय, असं मला नेहमी वाटायचं. गंमत अशी, की तो छापलेला आहे यातच त्याचं सगळं काम आहे. पूर्वी कार्डावरचा नंबर उठावाचा असे. दुकानदार कार्ड एका सपाट यंत्रात ठेवून वरून सरकता दट्ट्या फिरवायचा आणि नंबर, नाव, मुदत कार्बनच्या पावतीवर उमटायची. टाकून दिलेली कार्बनची पट्टी चोराला सापडली, की फोनवरून माल मागवायला तेवढं पुरायचं. म्हणून कोड सपाट छापला, म्हणजे तो पावतीवर उमटणारच नाही. चुंबकीय पट्टीतही तो नसतो. पट्टीत असतो तो वेगळा कोड आणि चिपमध्ये आणखी वेगळा. त्यामुळे कुणी पट्टी चोरून वाचली, तरी पाठीमागचे तीन आकडे त्याला मिळत नाहीत. (अमेरिकन एक्सप्रेसच्या कार्डावर चार आकडे असतात आणि ते पुढच्या बाजूला असतात.)

बँकेलाही तो कोड वहीत लिहून ठेवावा लागत नाही. कार्ड नंबर आणि मुदत यांवर स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने हिशोब करून ती तो दर वेळी नव्याने काढते आणि आपण टाकलेल्या आकड्यांशी ताडून बघते. म्हणूनच मुदत संपून तोच नंबर नव्या कार्डावर आला, तरी कोड बदलतो. दुकानाला उत्तर एवढंच मिळतं: जुळला किंवा नाही जुळला.

म्हणजे तो कोड अशा एकाच जागी राहावा की जी तुमच्या हातात असते, अशी ही रचना आहे. तो बरोबर टाकणाऱ्याच्या समोर कार्ड आहे, एवढंच त्याने सांगायचं. तो हॉटेलच्या फाइलमध्ये लिहिला गेला, की त्याला दुसरी जागा मिळाली. आता तो बरोबर टाकणाऱ्यासमोर कार्ड असेल किंवा नुसती फाइल, आणि कोडावरून बँकेला फरक कळायचा काही मार्ग नाही. माझ्या चारही व्यवहारांत नेमकं हेच झालं.

म्हणून कार्ड कंपन्यांच्या नियमावलीत, पीसीआय डीएसएसमध्ये, या एका बाबतीत दुकानांना पळवाट ठेवलेली नाही. या नियमावलीपुरता कार्ड नंबर दुकानाला साठवता येतो, नीट सांभाळला तर. कोड मात्र बँकेची मंजुरी आल्यावर ठेवता येत नाही. सांकेतिक रूपात नाही, कुलपात नाही, कागदावर नाही. फोनवर ऑर्डर घेताना कोड रेकॉर्डिंगमध्ये राहिला तर तेही चालत नाही, म्हणून जबाबदार ठिकाणी तेवढ्यापुरतं रेकॉर्डिंग थांबवतात. माझ्या फॉर्मवर 'माहिती जपून ठेवण्यास माझी संमती आहे' अशी ओळ होती आणि खाली माझी झोकदार सही. ग्राहकाच्या संमतीनेही हा नियम सुटत नाही.

हॉटेलला फोन केला तेव्हा तिथले व्यवस्थापक उद्धट नव्हते. म्हणाले, "साहेब, लोक आरक्षण करून येत नाहीत. मग पैसे कापायला कोड नको का?" नको. हीच समजूत मुळात चुकीची आहे. आरक्षणाच्या वेळी एकदा कोड टाकून कार्ड तपासून घ्यायचं, तिथे कोडाचं काम संपलं. पुढे न आल्याचं शुल्क असो, महिन्याची वर्गणी असो, परतावा असो, कोड लागत नाही. मागच्या मंजूर व्यवहाराचा हवाला आणि साठवलेला नंबर पुरतो. तिकिटांची साइट तो दर वेळी विचारते कारण तिच्याकडे तो नसतो. उलट एखाद्या साइटवर कोडाच्या चौकटीत आधीच तीन ठिपके भरलेले दिसले, किंवा फोनवर कुणी म्हणालं "तुमचा कोड आमच्याकडे आहे, तुम्ही फक्त हो म्हणा", तर तिथेच थांबा. ठिपके तुमच्या ब्राउझरने भरले नाहीत ना, तेवढं आधी बघून घ्या.

पैसे परत मिळाले, पण सात आठवडे लागले आणि तीनदा लेखी द्यावं लागलं की खरेदी मी केलेली नाही.

नवं कार्ड आल्यावर पुढच्या प्रवासाला दुसऱ्या हॉटेलनेही तसाच फॉर्म पाठवला. मी कोडाची चौकट रिकामी ठेवली, फोटो जोडला नाही, आणि पैसे भरायची लिंक मागितली. अर्ध्या तासात लिंक आली, एका शब्दानेही वाद न घालता. त्या संध्याकाळी मी माझ्याच मेलमध्ये पाठवलेले संदेश चाळले. जुन्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो तिथेही होते, आणि फोनच्या गॅलरीतही.