लॉगिनचा इशारा आला होता, तरी वहिनीचं खातं गेलं

साताऱ्याची माझी वहिनी घरगुती मसाले आणि दिवाळीचा फराळ विकते. ऑर्डरी येतात त्या फोटो टाकायच्या एका अ‍ॅपवर. ऐन दिवाळीच्या तोंडावर ते खातं कुणीतरी ताब्यात घेतलं आणि तिच्या नावाने दोन गिऱ्हाइकांकडून अ‍ॅडव्हान्स उकळला. खातं जाताना अ‍ॅपने तिला ईमेल पाठवला होता. तो मिळूनही ती सावध का झाली नाही, हे सगळ्यांना कळावं म्हणून लिहितोय.

सुरुवात झाली ओळखीच्या एका बाईंच्या मेसेजने : ‘रांगोळी स्पर्धेत माझ्या मुलीला मत द्या.’ त्या बाईंचं खातं आधीच चोरांच्या हातात गेलेलं होतं. लिंक उघडली तर हुबेहूब अ‍ॅपचंच वाटावं असं लॉगिनचं पान आलं. वहिनीने त्यात पासवर्ड टाकला. त्याच संध्याकाळी तिने नवा फोन घेतला होता आणि त्यावरही ती लॉगिन झाली होती. रात्री ईमेल आला : ‘तुमच्या खात्यात नवीन लॉगिन झाले आहे. हे तुम्ही नसाल तर पासवर्ड बदला.’ एवढंच. कुठल्या फोनवरून, किती वाजता, काहीच नाही. आपल्या नव्या फोनचाच असणार, असं तिला वाटलं. त्या दोन ओळी वाचून कुणालाही तसंच वाटलं असतं.

त्या ईमेलमध्ये ‘विंडोज संगणक, क्रोम ब्राउझर, रात्री ९.४२’ एवढं असतं तरी ती थांबली असती, कारण तिच्या घरात संगणकच नाही. अ‍ॅप बनवणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे : उपकरणाचा प्रकार, ब्राउझर, तारीख आणि भारतीय वेळ, आणि पासवर्डने लॉगिन झालं की कोडने, हे लिहाच. ठिकाणही द्या, पण ‘अंदाजे’ असा शब्द जोडून. ते आयपी पत्त्यावरून काढलेलं असतं आणि मोबाइल डेटावर साताऱ्यातल्या माणसाचं ठिकाण मुंबई किंवा पुणे दिसू शकतं. म्हणून वापरणाऱ्यांनीही नुसत्या गावाच्या नावावरून घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. आधी उपकरण आणि वेळ जुळते का ते बघावं.

इशारा फक्त ईमेलवर पाठवूनही भागत नाही. आधीपासून लॉगिन असलेल्या फोनवरही तो यायला हवा आणि त्यात ‘हा मी नव्हतो’ असं बटण हवं, जे दाबताच ते अनोळखी लॉगिन बंद होईल. खात्याचा ईमेल बदलला गेला, तर त्याची सूचना जुन्या ईमेलवरही गेली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले तेव्हा वहिनीने लगेच पासवर्ड बदलला. तरीही तिच्या खात्यातून मेसेज जातच राहिले! या अ‍ॅपमध्ये पासवर्ड बदलला तरी आधी झालेलं लॉगिन आपोआप तुटत नव्हतं; सगळी अ‍ॅपं तशी नसतात, पण ते गृहीत धरू नका. शिवाय चोराने खात्याला स्वतःचा एक ईमेल जोडून ठेवला होता. नवा पासवर्डही तो त्यावरून पुन्हा बदलू शकला असता.

मी पोचल्यावर आम्ही अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन लॉगिन असलेल्या उपकरणांची यादी उघडली. तो संगणक तिथे दिसत होता. आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला, कारण लॉगआउट केलं की ती नोंद यादीतून जाते आणि तक्रारीला पुरावा राहत नाही. मग सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, चोराचा ईमेल काढणं, नवा पासवर्ड आणि दोन टप्प्यांची पडताळणी, या क्रमाने गेलो. वहिनीच्या मूळ ईमेलचा पासवर्डही तोच होता, तोही बदलला. त्या ईमेलमध्ये चोराने मेल परस्पर दुसरीकडे पाठवायची सोय करून ठेवलेली नाही ना, हेही पाहिलं. ती राहिली तर पासवर्ड बदलायची लिंक त्याच्याकडेही पोचते.

नंतर तिला आणखी एक ईमेल आला : ‘अनोळखी लॉगिन, ताबडतोब खात्री करा’, खाली मोठं निळं बटण. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात अ‍ॅपच्या नावातलं एक अक्षर बदललेलं होतं. हा इशारा खोटा होता. इशारा खरा वाटो की खोटा, त्यातल्या लिंकवर जाऊन पासवर्ड टाकू नका. अ‍ॅप आपल्या हाताने उघडा आणि उपकरणांची यादी बघा. अनोळखी लॉगिन अजून चालू असेल तर ते तिथे दिसेल. कुणी फोन करून ‘लॉगिन थांबवतो, आलेला कोड सांगा’ म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे पुढे काढले जाण्याआधी कळवलं तरच ते बँकेत अडवता येतात. दोघांपैकी एका गिऱ्हाइकाने त्याच दुपारी फोन केला, त्यांची रक्कम अडवली गेली. दुसऱ्या ताईंनी उशिरा कळवलं, त्यांचे पैसे अजून मिळालेले नाहीत.