हर्नियाच्या ऑपरेशननंतर जांघेतलं दुखणं थांबेना: आधी इंजेक्शन की थेट दुसरं ऑपरेशन?

ऑपरेशनला तीन महिने उलटून गेले आणि जांघ अजून रोजच्या कामात आडवी येतेय, तर ती जखम भरतानाची दुखी राहिलेली नाही. जांघेतल्या हर्नियानंतर साधारण दहातल्या एकाला असा त्रास उरतो. अशा वेळी दोन वाटा समोर येतात: नसेजवळ भुलीचं इंजेक्शन, म्हणजे नर्व्ह ब्लॉक, किंवा पुन्हा ऑपरेशन करून नस कापणं, कधी पहिल्या ऑपरेशनमध्ये बसवलेली जाळी काढणं. त्याआधी सोनोग्राफी करून हर्निया पुन्हा आलेला नाही ना, हे बघून घ्यावं. जोर लावायला सांगून, उभं करूनही तपासायला हवं.

दुखतंय कशानं, यावर सगळा निर्णय ठरतो. समजा, एकाची डाव्या बाजूची उघडी शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झालेत. मांडीचा वरचा आतला भाग आणि लिंगाच्या मुळाशी आग होते, चड्डीची शिवण लागली तरी झोंबतं, गाडीतून उतरताना वीज चमकल्यासारखी कळ जाते. टाक्याच्या बाहेरच्या टोकाजवळ बोटानं टकटक केलं की तीच कळ खाली धावते. ही नसेची लक्षणं. या भागातून तीन नसा जातात, आणि त्यांतली एखादी टाक्यात, जाळीच्या कडेला किंवा व्रणात अडकलेली असू शकते.

दुसऱ्याला कातडीचा काहीच त्रास नाही. आत खोल ओढ बसते, वाकलं की काहीतरी कडक टोचतं, दिवसभर उभं राहिलं की वाढतं. इथे व्रण आकसलेला किंवा जाळी गोळा झालेली असण्याची शक्यता जास्त. अर्थात दोन्ही प्रकार एकाच माणसात मिसळलेलेही असतात, आणि तेच सोडवायला अवघड.

इंजेक्शनची खरी किंमत इथे कळते, कारण ते उपचाराइतकंच तपासणीचंही काम करतं. सोनोग्राफीत बघत, कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ नसेपाशी भूल सोडतात. मग घरी जाऊन झोपून राहू नका. ज्या हालचालीनं दुखतं ती मुद्दाम करा आणि दर तासाला दुखणं दहापैकी किती, हे कागदावर लिहा. आपल्या पहिल्या माणसाचं सातवरून एकवर आलं, सहा तास टिकलं आणि मग परतलं, तर इंजेक्शन ‘फेल’ गेलं असं समजू नये. दोषी नस सापडली, असा त्याचा अर्थ. औषधाचा असर संपल्यावरही आठवडाभर बरं वाटलं, तर पुन्हा देण्यात अर्थ आहे. सोबत गॅबापेंटिन किंवा नॉरट्रिप्टिलीनसारखी गोळी देतात. त्यांनी सुस्ती येते, म्हणून डोस हळूहळू वाढवतात.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर हा हिशेब चुकू शकतो. तिथे जाळी स्नायूच्या मागे असते, नस अधिक आत दुखावलेली असते, आणि पुढून दिलेली भूल तिथवर पोचतच नाही.

ऑपरेशनमध्ये तिन्ही नसा कापतात, कारण त्यांच्या फांद्या एकमेकींत मिसळतात आणि एकच कापली तर दुखणं राहू शकतं. बदल्यात जांघेचा पट्टा कायमचा बधीर होतो, काहींचं पोट त्या बाजूला थोडं सैल पडून फुगतं. जाळी काढणं त्याहून जोखमीचं. ती वीर्यनलिकेला आणि वृषणाच्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असते, वृषण गमावण्याचा किंवा हर्निया परत येण्याचा धोका असतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, सहा महिने ते वर्ष औषधं आणि इंजेक्शनं नीट वापरून झाल्याशिवाय, आणि ब्लॉकनं एकदा तरी ठळक आराम मिळाल्याशिवाय, नस कापायला हो म्हणू नये. ब्लॉकनं काहीच फरक पडला नाही, पण स्कॅनमध्ये गोळा झालेली जाळी नेमक्या दुखऱ्या जागी दिसतेय, तर मात्र जाळीचा विचार रास्त आहे. आणि तोही हेच काम वारंवार करणाऱ्या सर्जनकडे.

वृषणाच्या दुखण्याबाबत बरीच गल्लत होते. अंडकोषाची कातडी झोंबत असेल तर ती जांघेतल्याच नसेची तक्रार असू शकते. पण वृषण स्वतः ठणकतं, हातात धरलं की आत दुखतं, तर त्याच्या संवेदना वीर्यनलिकेभोवतीच्या बारीक तंतूंमधून जातात. तीन नसा कापूनही ते दुखणं तसंच राहण्याची शक्यता बरीच, आणि सर्जनला हे आधीच विचारून घ्यायला हवं. वीर्यपतनाच्या वेळीच कळ येते का, हे लाज बाजूला ठेवून सांगा, कारण त्यावरून वीर्यनलिकेभोवतीच्या व्रणाचा संशय येतो. वृषण लहान होत चाललंय असं वाटलं तर रक्तपुरवठा बघणारी डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या. आणि ते अचानक सुजून असह्य दुखायला लागलं, तर त्याच दिवशी, तासाभरात, दवाखाना गाठायचा.